रूट रिक्वेस्टचा पूर: दोष पुराचा की निवडीचा?

मोबाइल ॲड हॉक नेटवर्कच्या राउटिंगवरचे पेपर वाचायला घेतले, की एक युक्तिवाद तुम्हाला वारंवार भेटेल. फ्लडिंगमध्ये बँडविड्थ वाया जाते, म्हणून आम्ही रूट रिक्वेस्टची संख्या कमी केली, आणि हा घ्या आलेख. आलेखात नव्या पद्धतीची रेघ एओडीव्हीच्या रेघेखाली असते. माझा आक्षेप त्या रेघेला नाही, तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. पूर महाग आहे हे खरंच. पण हलत्या नोड्सना तो मानवतो कशामुळे, हे न पाहता त्याला कात्री लावली, तर नेमकी कामाची गोष्टच कापली जाते.

आधी यंत्रणा पाहू. एओडीव्हीचं वर्णन २००३ च्या आरएफसी ३५६१ मध्ये आहे. स्रोताला गंतव्याचा रस्ता माहीत नसेल, तर तो रूट रिक्वेस्ट ब्रॉडकास्ट करतो. तिच्यात स्रोताचा पत्ता आणि एक क्रमांक असतो. ऐकणारा नोड आधी विचारतो, की ही जोडी मी आधी पाहिली आहे का? पाहिली असेल तर पॅकेट टाकून देतो. नसेल तर ‘स्रोताकडे जायचं तर ज्याच्याकडून हे ऐकलं त्याच्यामार्फत’ अशी नोंद करतो, हॉपचा आकडा एकने वाढवतो आणि पॅकेट पुन्हा ब्रॉडकास्ट करतो. गंतव्याचं उत्तर या नोंदींच्या मागावरून उलटं परत येतं, मात्र ब्रॉडकास्टने नाही, एकेका नोडच्या नावाने.

यात नोडला आधीपासून काय माहीत असावं लागतं? शेजारी कोण आहेत, नेटवर्क कसं जोडलं आहे, काहीच नाही. ‘आत्ता मला कोण ऐकतंय’ एवढ्यावर काम भागतं. उत्तर गंतव्यानेच दिलं असेल, तर सापडलेला रस्ता कुठल्या जुन्या तक्त्यातून आलेला नसतो, पॅकेट त्यावरून काही क्षणांपूर्वी खरोखर चालून गेलेलं असतं. नोड्स हलत असताना याची किंमत मोठी आहे, कारण तिथे माहिती फार लवकर शिळी होते.

ती शिळी झाली की काय होतं, हे १९९८ मध्ये ब्रॉच आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत दिसतं. १५०० × ३०० मीटरच्या जागेत ५० नोड्स, वेग जास्तीत जास्त सेकंदाला २० मीटर. त्यात डीएसडीव्ही हा प्रोटोकॉल तक्ते आधीच तयार ठेवतो आणि ठरावीक काळाने शेजाऱ्यांना कळवतो. हालचाल वाढली तसा तो कोलमडला. त्याची हरवलेली जवळजवळ सगळी पॅकेट्स जुन्या नोंदीवर विसंबून तुटलेल्या दुव्याकडे पाठवली गेली होती.

आता नुसते आकडे मोजा. ५० नोड्समध्ये पूर्ण पूर म्हणजे जास्तीत जास्त ४९ प्रसारणं, कारण गंतव्य पुढे पाठवत नाही. समजा १० संवाद चालू आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता दर ५ सेकंदांनी तुटतो. सेकंदाला २ पूर, म्हणजे ९८ पर्यंत प्रसारणं. याउलट दर १५ सेकंदांनी तक्ता सांगणारे ५० नोड्स नेमाच्या प्रसारणांत सेकंदाला साडेतीनच्याही खालीच राहतात (बदल झाल्यावरचे तातडीचे निरोप वेगळे). निव्वळ मोजणीत पूर हरू शकतो! तरीही त्या तुलनेत पॅकेट्स पोचवण्यात एओडीव्ही पुढे होता. म्हणून ‘संख्या कमी केली’ हे वाक्य एकटं काहीच सिद्ध करत नाही. पुराचा खर्च संवादांच्या संख्येबरोबर आणि रस्ते तुटण्याच्या वेगाबरोबर वाढतो. संवाद कमी करणं आपल्या हातात नसतं. रस्ते किती लवकर तुटावेत यावर मात्र काही करता येतं.

टीकेचा रोख इथे वळायला हवा. रस्ते इतक्या लवकर तुटतात का? नियम असा, की पहिली पोचलेली प्रत जिंकते. प्रत्येक हॉपवर थोडा विलंब होतो, त्यामुळे कमी हॉपची प्रत बहुधा आधी पोचते. कमी हॉप म्हणजे लांब हॉप.

उदाहरण घेऊ. रेडिओचा पल्ला २५० मीटर, स्रोत आणि गंतव्यात ७२० मीटर. तीन हॉपचा रस्ता धरला तर प्रत्येक हॉप २४० मीटरचा. त्यातला एक नोड मागच्या नोडपासून सरळ दूर सेकंदाला २० मीटरने निघाला, तर उरलेले १० मीटर अर्ध्या सेकंदात संपतात. पाच हॉपचा रस्ता धरला तर हॉप १४४ मीटरचा, १०६ मीटर शिल्लक, म्हणजे ५.३ सेकंद. आणि तुटल्यावर? आरएफसीप्रमाणे नव्या शोधाचा टीटीएल म्हणजे जुने हॉप अधिक २, इथे ५. उत्तराची वाट पाहण्याची मुदत अशी निघते:

```
2 × NODE_TRAVERSAL_TIME × (TTL + TIMEOUT_BUFFER)
= 2 × 40 ms × (5 + 2) = 560 ms
```

उत्तर सहसा याच्या कितीतरी आधी येतं. पण विनंती वाटेत हरवली, तर शोधाची एक फेरी त्या रस्त्याच्या आयुष्याएवढा वेळ खाऊन जाते. अर्थात पाच हॉप फुकट मिळत नाहीत. हवेतला वेळ जास्त लागतो आणि तुटू शकणारे दुवेही वाढतात. म्हणून ‘जास्त हॉप चांगले’ असा उलटा नियम करू नका. प्रश्न निवडीचा आहे, एवढंच लक्षात ठेवा.

आता कात्रीकडे येऊ. तिचा आधार पक्का आहे. नी, त्सेंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की एकदा ऐकलेलं पॅकेट पुन्हा प्रसारित केल्याने सरासरी ४१ टक्केच नवं क्षेत्र व्यापलं जातं, आणि चार किंवा जास्त वेळा ऐकलेलं असेल तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. दाट गर्दीत गप्प राहणं शहाणपणाचं, यात वाद नाही. पण ८०२.११ मध्ये ब्रॉडकास्टला पोच मिळत नाही. धडक झाली तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. दुसऱ्या शेजाऱ्याकडून येणारी ‘फालतू’ प्रत हाच तिथे विमा असतो. विरळ नेटवर्कमध्ये दोन गटांना जोडणारा एकच नोड असेल आणि तोच गप्प बसला, तर आलेखातली रेघ खाली येते आणि रस्ता सापडतच नाही.

शेवटची अडचण सिम्युलेशनमध्ये सहसा दिसत नाही. ब्रॉडकास्ट कमी बिटरेटने जातो, म्हणून लांबवर ऐकू येतो. डेटा जास्त बिटरेटने जातो, त्याचा पल्ला कमी. काठावरच्या नोडला रूट रिक्वेस्ट पोचते, डेटा पोचत नाही. उपसाला विद्यापीठातल्या लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या पट्ट्यांना ‘ग्रे झोन’ म्हटलं. तुमच्या सिम्युलेटरमध्ये दोन्हींचा पल्ला एकच वर्तुळ असेल, तर हा दोष अदृश्य राहील. खऱ्या उपकरणांवर `udp.port == 654` हा फिल्टर लावून एओडीव्हीचे निरोप वेगळे काढा. रस्ता मिळाल्याचं उत्तर येतं, लगेच रूट एरर येते आणि पुन्हा नवी विनंती निघते, असं चक्र त्याच दुव्यावर वारंवार दिसलं, तर ग्रे झोनचा संशय घ्या.

तेव्हा पुढचा असा पेपर हातात आला, की विनंत्यांच्या संख्येशेजारी तीन गोष्टी शोधा: रस्ता सरासरी किती काळ टिकला, किती शोध निष्फळ गेले, आणि नोड्स विरळ केल्यावर पॅकेट्स पोचण्याचं प्रमाण काय झालं. या तिन्ही नसतील, तर लेखकांनी पूर आवरला की रस्तेच हरवले, हे त्या आलेखावरून ठरवता येत नाही.