कागद होते, वाचणारा नव्हता : यवतमाळ २०१७ आणि सर्वेक्षणाचं मूल्यमापन

सर्वेक्षणाचे तीन प्रकार तुम्ही पाठ केले असतील. पॅसिव्ह म्हणजे रुग्ण दवाखान्यात येतो, दवाखाना कळवतो, यंत्रणा वाट बघते. अॅक्टिव्ह म्हणजे यंत्रणा स्वतः घरोघरी किंवा दवाखान्यांत जाऊन रुग्ण शोधते. सेंटिनल म्हणजे सगळीकडून माहिती न मागवता मोजकी ठिकाणं निवडून तिथून नीट, नियमित माहिती घ्यायची. यापुढे बहुतेक नोट्समध्ये एक वाक्य असतं : अॅक्टिव्ह सर्वांत चांगलं, पण महाग. माझी तक्रार या वाक्याशी आहे. कारण चांगलं कशासाठी, हा प्रश्न ते विचारूच देत नाही.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेक जण दगावले. वणी तालुकाही कापूस पट्ट्यातलाच. पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी ‘पारी’वर लिहिलेल्या वृत्तांतात यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले आकडे आहेत : जुलैत ४१ रुग्ण, ऑगस्टमध्ये १११, सप्टेंबरमध्ये ३०० हून जास्त. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं ते ऑक्टोबरमध्ये.

विषबाधा हा काही आजार नाही, मग इथे त्याचं काय काम, असं वाटेल. पण कीटकनाशके कायदा, १९६८ याचं कलम २६ बघा. कीटकनाशक वापरताना झालेली विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवा, असं बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून घालू शकतं. म्हणजे अधिसूचित आजाराची चौकट इथेही कायद्याने उपलब्ध आहे.

संवेदनशीलता कमी होती, म्हणून उशीर झाला?

पहिलं स्पष्टीकरण हेच सुचतं : सगळे रुग्ण नोंदले गेले नाहीत, म्हणून कळलं नाही. हे तपासून बघू. समजा, खऱ्या रुग्णांपैकी फक्त एक तृतीयांश त्या रुग्णालयात पोचत होते. मग खरे आकडे साधारण १२३, ३३३ आणि ९०० च्या वर. आता वाढीचं गुणोत्तर काढा. ४१ वरून १११ म्हणजे २.७ पट. १२३ वरून ३३३, तेही २.७ पट. पोचणाऱ्यांचं प्रमाण महिन्यागणिक फारसं बदलत नसेल, तर कमी संवेदनशीलतेची यंत्रणाही वाढ तितक्याच स्पष्टपणे दाखवते.

अमेरिकेच्या सीडीसीने २००१ मध्ये सर्वेक्षण यंत्रणांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात संवेदनशीलता दोन पातळ्यांवर मोजायला सांगितली आहे : किती टक्के रुग्ण सापडतात, आणि उद्रेक ओळखता येतो का. यवतमाळचं रुग्णालय कुणी न नेमलेलं सेंटिनल केंद्रच होतं. पहिल्या पातळीवर ते कदाचित कमजोर असेल, पण दुसऱ्या पातळीला पुरेसं होतं. ऑगस्टअखेर आकडा रजिस्टरात बसलेला होता.

मग वेळ गेला कुठे?

तत्परता मोजताना एकच आकडा देऊ नका, टप्पे पाडा. फवारणीपासून त्रास सुरू होईपर्यंत, त्रासापासून दवाखान्यापर्यंत, दवाखान्यापासून नोंदीपर्यंत, नोंदीपासून अहवालापर्यंत, अहवालापासून कृतीपर्यंत. फवारणीच्या विषबाधेत पहिले टप्पे सहसा तासांचे, फार तर दोन-तीन दिवसांचे असतात. नोंद तर भरती करतानाच होते, आणि विषबाधा मेडिको-लीगल केस असल्याने पोलिसांनाही कळवलं जातं. म्हणजे जे आठवडे गेले ते नोंदीच्या पुढे गेले.

का गेले, हे कागदांची रचना बघितली की लक्षात येतं. आयडीएसपीच्या तेव्हाच्या साप्ताहिक ‘पी’ फॉर्मवर सर्पदंशाला रकाना होता, कुत्रा चावण्यालाही होता. कीटकनाशकाच्या विषबाधेला नव्हता. ती ‘इतर’मध्ये कुणी लिहिली तरच दिसणार. पोलिसांची नोंद गुन्ह्याच्या नजरेने होते, एकेका माणसाची. शेती खात्याची वाट तिसरीच. तीन कपाटं, आणि तिन्हींतले आकडे एकत्र मांडून ‘या आठवड्यात वाढले का’ असं विचारणं हे कुणाचंच ठरलेलं काम नाही.

त्यात आणखी एक गुंता. आपल्याकडे विष प्यायलेले रुग्णही येतात. रजिस्टरात दोघांपुढे फक्त ‘विषबाधा’ लिहिलं, तर फवारणीची वाढ त्या गर्दीत बुडते. मागच्या वर्षांशी तुलनाही जमत नाही, आणि ती तर हवीच, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी वाढते तसे रुग्ण दरवर्षीच काही प्रमाणात वाढणार. रुग्णाची व्याख्या नीट नसेल तर अॅक्टिव्ह सर्वेक्षण करूनही हा दोष जात नाही.

वणीतून बघा

सेंटिनलची खरी मर्यादा वणीतून दिसते. इथून यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर, चंद्रपूर साधारण त्याच्या निम्म्यावर. वणीच्या बाजूचा गंभीर रुग्ण चंद्रपूरला किंवा थेट नागपूरला नेला, तर यवतमाळच्या आकड्यात तो येणारच नाही. जिल्ह्यात वाढ झाली हे यवतमाळचं केंद्र सांगेल. वणीत किती झाली, हे सांगणार नाही. त्या आकड्यावरून ‘वणी तालुक्यात प्रमाण कमी’ असा निष्कर्ष काढणारा प्रबंध दिसला, तर तिथेच थांबा.

संवेदनशीलता मोजायचीच असेल तर

अडचण छेदाची असते : खरे रुग्ण किती, हे माहीत नसतं. चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये दोन याद्यांची पद्धत मांडली. मानलेले आकडे घेऊ. रुग्णालयाच्या यादीत ६०, दुसऱ्या यादीत ४०, दोन्हींत असलेले २४. अंदाजे एकूण रुग्ण ६० × ४० ÷ २४ = १००. म्हणून रुग्णालयाची संवेदनशीलता ६० टक्के.

आता दुसरी यादी म्हणून पोलिसांची मेडिको-लीगल यादी घ्यायचा मोह होतो, कारण ती तयार असते. पण ती बरीचशी रुग्णालयाच्या कळवण्यातूनच बनते. याद्या एकमेकींवर अवलंबून, म्हणून सामाईक नावं फुगतात. २४ ऐवजी ३६ आली तर एकूण अंदाज ६७ वर उतरतो आणि संवेदनशीलता ९० टक्के दिसते. यंत्रणा तीच, फक्त मोजपट्टी आखडली.

अॅक्टिव्ह सर्वेक्षणाची जागा इथे आहे. वर्षभर घरोघर फिरण्यासाठी नाही, तर स्वतंत्र दुसरी यादी मिळवण्यासाठी. चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडा, फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक काळाबद्दल आणि ठरावीक लक्षणांबद्दल विचारा, मग नावं जुळवा. मात्र रुग्णालयात जाण्याइतका त्रास कुणाला झाला, हे वेगळं लिहा. नाहीतर घरी बसून बरे झालेले छेदात येतील आणि रुग्णालय विनाकारण नापास होईल.

शोध सुरू झाल्यावर आकडे चढतात, हेही ध्यानात ठेवा. बातम्या आल्यावर जो रुग्ण एरवी घरीच राहिला असता तो दवाखाना गाठतो. त्यामुळे वरचं २.७ पटीचं गणित ऑक्टोबरपुढे तसंच ओढता येणार नाही. पोचणाऱ्यांचं प्रमाण बदललेलं असतं.

म्हणून कुठल्याही जिल्ह्याच्या अहवालात ‘इतक्या टक्के केंद्रांकडून अहवाल वेळेवर प्राप्त’ असं वाचलंत, तर त्याला तत्परता समजू नका. तो कागदाच्या प्रवासाचा एक टप्पा आहे. कोणता आकडा ओलांडल्यावर, कोणी, किती दिवसांत काय करायचं होतं, आणि ते कधी केलं, हे त्या अहवालात शोधा. यवतमाळमध्ये ४१ आणि १११ च्या मध्ये अशी रेघ आखलेली असती, तर सप्टेंबरची फवारणी सुरू होण्याआधीच गावागावांत इशारा देता आला असता.