सगळ्या नर्सच, तरी आकडा फसला कसा?

रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की हृदयविकार टळतो, ही समजूत १९९०च्या दशकात डॉक्टरांमध्येही चांगलीच रुजली होती. तिचा एक मोठा आधार म्हणजे अमेरिकेतला नर्सेस हेल्थ स्टडी. इस्ट्रोजेन घेत असलेल्या नर्सेसना हृदयविकाराचा धोका न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा आहे, असं त्यांनी १९९१ साली छापलं. १९९६ साली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांतही तसंच दिसलं.

मग २००२ साली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीचे निकाल आले. तिथे १६,६०८ स्त्रियांपैकी खरी गोळी कुणाला आणि नुसती तशी दिसणारी कुणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. खरी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार कमी होणं सोडाच, २९ टक्के जास्त निघाला!

याचं एक स्पष्टीकरण आपण सगळीकडे ऐकतो. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुखवस्तू आणि तब्येतीला जपणाऱ्या. त्यांचं हृदय गोळीने नाही, राहणीमानाने वाचलं. म्हणजे गोंधळवणारा तिसरा घटक. हे स्पष्टीकरण आम्हाला अपुरं वाटतं. अहो, इथे सगळ्या नर्सच होत्या! शिक्षण-पेशा एकच, आणि धूम्रपान, वजन वगैरे हिशोबात धरलेलं होतं. तरी काही फरक उरला असेलच, नाही म्हणत नाही. पण दुसरी चूक जास्त बारीक आहे.

‘सध्या गोळी घेणारी’ कोण? जी गेली काही वर्षं घेतेय आणि अजून ठणठणीत आहे ती. समजा, शंभर जणींनी गोळी सुरू केली आणि तिघींना पहिल्याच वर्षी झटका आला. दोन वर्षांनी आपण ‘सध्या घेणाऱ्या’ निरोगी बायका मोजायला बसलो, तर त्या तिघी यादीत नसणारच. गोळीने केलेलं नुकसान मोजणी सुरू व्हायच्या आधीच गळून गेलं. आणि २००२च्या चाचणीत जादा धोका सगळ्यात ठळक दिसला तो नेमका पहिल्या वर्षातच.

ही नुसती शंका नाही, ती तपासून झालीय. २००८ साली मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी त्याच नर्सेसची तीच माहिती पुन्हा मांडली, पण चाचणीसारखी: जिने गोळी नव्याने सुरू केली, तिचं घड्याळ त्या क्षणापासून चालू. मध्येच गोळी सोडली तरी ती त्याच गटात. या हिशोबात ‘निम्मा धोका’ नाहीसा झाला आणि पहिल्या दोन वर्षांचा आकडा वाढीव धोक्याकडे झुकला. एक फरक मात्र उरतो. नर्सेसनी गोळी बहुधा पाळी थांबल्यावर लवकर सुरू केली होती, तर चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. त्यामुळे पन्नाशीतल्या स्त्रीला २००२चा आकडा जसाच्या तसा लावणंही आम्हाला पटत नाही.