फाशाआडचे उत्तर : यादृच्छिक उत्तरपद्धतीचे एक परीक्षण

लाच दिली काय, कर चुकविला काय, न्यायालयात शिक्षा झाली काय, असे प्रश्न नमुना-पाहणीत सरळ विचारले असता खरी उत्तरे मिळतीलच असा भरवसा धरता येत नाही. उत्तरदाता खोटे बोलतो तो प्रत्येक वेळी लबाडीनेच बोलतो असे नव्हे. अनोळखी माणसाच्या कागदावर आपल्या नावापुढे ‘होय’ लिहिले जाणार, ही धास्तीही त्यास पुरेशी असते. या अडचणीवर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली एक उपाय सुचविला. उत्तरदात्याने एकट्याने एक काटा फिरवावा. काटा चक्राच्या एका भागावर थांबल्यास ‘मी त्या गटातला आहे’ या विधानास, व दुसऱ्या भागावर थांबल्यास ‘मी त्या गटातला नाही’ या विधानास, होय किंवा नाही म्हणावे. काटा कोठे थांबला हे विचारणाऱ्यास दिसत नाही. म्हणून एकेका उत्तराचा निश्चित अर्थ लावता येत नाही. परंतु दोन भागांचे प्रमाण ठाऊक असल्यामुळे, आणि ते असमान असल्यामुळे, सर्व उत्तरांवरून समूहाचा अंदाज काढता येतो.

पुढे या पद्धतीची अनेक रूपे निघाली. त्यांपैकी सक्तीच्या उत्तराचे रूप समजण्यास सोपे आहे. उत्तरदाता झाकून फासा टाकतो. एक पडल्यास त्याने ‘नाही’ म्हणावयाचे, सहा पडल्यास ‘होय’ म्हणावयाचे, आणि दोन ते पाच पडल्यास खरे उत्तर द्यावयाचे. समजा, लाच देण्याविषयी १२०० लोकांना असे विचारले आणि ३८० ‘होय’ आले. त्यांतील सुमारे २०० फाशाने वदविलेले आहेत. उरलेले १८० हे खरे बोलावयास सांगितलेल्या ८०० लोकांतून आले. म्हणजे प्रमाण साडेबावीस टक्के. ही गोपनीयता फुकट मिळत नाही. सरळ प्रश्नास सर्वांनी खरे उत्तर दिले असते, तर या अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे १.२ टक्के राहिली असती. फाशामुळे ती २ टक्के होते. तितकीच अचूकता हवी असेल, तर जवळजवळ पावणेतीनपट लोकांना भेटावे लागेल.

हा खर्च वॉर्नर यांच्या गणितातच मांडलेला आहे, आणि तो मान्य करता येतो. पद्धतीचे खरे वर्म अन्यत्र आहे. वरील उदाहरणात ज्याने ‘होय’ म्हटले, त्याने लाच दिली असण्याची संभाव्यता साडेबावीस टक्क्यांवरून सुमारे ५९ टक्क्यांवर चढते. ज्याने ‘नाही’ म्हटले, त्याच्याबाबत ती साडेपाच टक्क्यांवर उतरते. फासा संशय पुसत नाही, केवळ पातळ करतो. ज्याने कधीही लाच दिली नाही अशा माणसास सहा पडला, तरी ‘होय’ म्हणून त्याने तो संशय अंगावर का घ्यावा? त्याच्या दृष्टीने ‘नाही’ हेच निर्धोक उत्तर ठरते. सहा पडलेल्या २०० जणांपैकी ६० जणांनी आज्ञा मोडून ‘नाही’ म्हटले, असे धरू. मग ३८० ऐवजी ३२० ‘होय’ येतील आणि अंदाज १५ टक्क्यांवर घसरेल. एकाही लाच देणाऱ्याने खोटे न बोलताही तिसरा हिस्सा नाहीसा झाला. आणि आज्ञा कोणी मोडली, हे शोधण्याचा मार्ग नाही. कारण उत्तरदात्यास झाकणारा पडदाच आज्ञाभंगासही झाकतो. एकूण ‘होय’ २०० हून बरेच कमी आले व अंदाज ऋण निघाला, तरच गडबड उघडी पडते. एरवी आकडा चेहऱ्यावरून निर्दोषच दिसतो.

हा दोष टाळण्यासाठी निर्धोक उत्तरच नसलेली एक रचना पुढे आली. तीत उत्तरदात्यापुढे दोन प्रश्न ठेवतात : एक नाजूक, आणि दुसरा ‘आईचा वाढदिवस अमुक महिन्यांत येतो काय’ असा निरुपद्रवी. दोन्हींची उत्तरे सारखी की भिन्न, एवढेच तो सांगतो. येथे ‘सारखी’ म्हणणे आणि ‘भिन्न’ म्हणणे यांत लाजिरवाणे कोणते, हे वरवर कळत नाही. परंतु ज्यास सूचना समजली नाही किंवा जो कंटाळून कसेही उत्तर देतो, तो अंदाजास पन्नास टक्क्यांकडे ओढतो. क्वचित आढळणाऱ्या वर्तनाचे प्रमाण त्यामुळे फुगते. आणि मोठा आकडा म्हणजे अधिक प्रामाणिकपणा असे मानणारा संशोधक त्यावर खूष होतो. ह्योग्लिंगर व डीकमान यांनी २०१७ साली नेमक्या याच समजुतीची परीक्षा घेतली. ज्यांचे प्रमाण जवळजवळ शून्य असणार, अशा गोष्टी त्यांनी विचारल्या. उदाहरणार्थ, दुसऱ्याचे दान केलेले इंद्रिय स्वतःच्या शरीरात बसविले आहे काय. तरीही या रचनेने शून्याहून स्पष्टपणे अधिक प्रमाण दाखविले. लोकांनी न केलेलेही कबूल केले होते.

यादी-प्रयोगाने फासाच दूर केला. अमेरिकेत १९९१ साली झालेल्या एका पाहणीत अर्ध्या उत्तरदात्यांना तीन गोष्टी वाचून दाखविल्या : पेट्रोलवरील करवाढ, खेळाडूंचे अवाढव्य वेतन व कारखान्यांनी केलेले प्रदूषण. दुसऱ्या गटास यांबरोबर ‘शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास येणे’ ही चौथी गोष्ट सांगितली. कोणत्या गोष्टींनी राग येतो हे न विचारता किती गोष्टींनी येतो, एवढेच विचारले. कुक्लिन्स्की, कॉब व गिलेन्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार दक्षिणेतील गौरवर्णीयांत पहिल्या गटाची सरासरी १.९५ व दुसऱ्याची २.३७ आली. फरक ०.४२, म्हणजे अंदाजे ४२ टक्क्यांना असा शेजार खटकत होता. फासा नाही, सक्ती नाही, केवळ मोजणी. म्हणून ही रीत सामान्य माणसास सहज उमगते.

तथापि तिचा पडदा एका टोकास फाटलेला आहे. ज्यास चारही गोष्टींनी राग येतो त्याने ‘चार’ म्हणताच त्याचे मन उघडे पडते. म्हणून तो ‘तीन’ म्हणतो, आणि अंदाज नेमका पूर्वग्रहाच्या बाजूने घटतो. पहिल्या गटात ‘तीन’ म्हणणारे पुष्कळ असतील, तर हा धोका मोठा समजावा. उपाय म्हणून, एक गोष्ट ज्याला रुचत नाही त्याला दुसरी रुचावी, अशा गोष्टी यादीत घालतात. त्यात लाभही आहे : सरासरीभोवतीचा विखुरलेपणा घटतो, आणि दोन सरासऱ्यांतील छोटासा फरक त्यात बुडून जात नाही.

मग या पद्धतींचा निवाडा कशावर करावा? सरळ प्रश्नापेक्षा मोठा आकडा आला, हे प्रमाण पुरेसे नाही, हे वर दिसलेच. कसोटी बाहेरून आली पाहिजे. ज्यांच्या शिक्षेची नोंद न्यायालयात होती, अशा लोकांना जर्मनीत वोल्टर व प्राइझेन्ड्योर्फर यांनी शिक्षेविषयी विचारले. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सरळ प्रश्नास सुमारे ५८ टक्क्यांनी व यादृच्छिक पद्धतीस सुमारे ६० टक्क्यांनी खरे सांगितले. पडदा असूनही दर पाचांत दोन जण गप्पच राहिले. याउलट मिसिसिपीतील २०११ च्या गर्भपातविषयक सार्वमताचा निकाल पुढे ठेवून रोझेनफेल्ड, इमाई व शापिरो यांनी २०१६ साली तुलना केली, तेव्हा सरळ प्रश्न विरोधी मते बरीच कमी दाखवीत होता आणि यादृच्छिक पद्धत प्रत्यक्ष निकालाच्या अगदी जवळ आली.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण वॉर्नर यांच्या गणितात जी संख्या मुळीच नाही, ती त्या दोन ठिकाणी भिन्न होती : सूचना पाळणाऱ्यांचे प्रमाण. म्हणून अशा पाहणीचा अहवाल वाचताना अंदाजाच्या आकड्याआधी दोन गोष्टी शोधाव्यात. काही उत्तरदात्यांना तोच प्रश्न सरळ विचारला होता काय. आणि ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा एक प्रश्न त्याच फाशाखाली ठेवला होता काय. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट जेथे नाही, तेथील अंदाज हा समाजाच्या वर्तनाचा की फाशाच्या अवज्ञेचा, हे अहवाल लिहिणाऱ्यासही सांगता येणार नाही.