तोतया, जुळे आणि प्रेक्षकाचा हक्क : ‘पाठलाग’च्या कथेसंबंधी

रहस्यकथेत जुळी भावंडे अथवा हुबेहूब दिसणारी माणसे आणावयाची, तर वाचकाला त्यांची पूर्वसूचना मिळाली पाहिजे, असा एक नियम रोनाल्ड नॉक्स ह्या इंग्रज लेखकाने १९२९ साली सांगितला. चित्रपटाला हा नियम अधिकच जाचक ठरतो. कारण पडद्यावर प्रत्यक्ष पाहिलेला चेहरा प्रेक्षक पुरावा म्हणूनच स्वीकारतो.

बी. आर. चोप्रा ह्यांच्या ‘कानून’मध्ये (१९६०) सावकाराचा खून होताना नायक खुन्याला पाहतो, आणि तो चेहरा त्याच्या भावी सासऱ्याचा, म्हणजे एका न्यायाधीशाचा असतो. खून करून सुटता येते की नाही, ह्यावरील पैजेमुळे तो संशय दृढ होतो. अखेरीस खुनी निराळाच, केवळ तसा दिसणारा, निघतो. येथे कॅमेऱ्याने खोटे दाखविले नाही. चेहरा खराच होता, त्याला नायकाने दिलेले नाव चुकले. तरीही असा दुसरा माणूस अस्तित्वात असेल, हे तर्काने गाठण्याजोगी तयारी आधी झालेली नाही. साक्षीदाराचे डोळे फसू शकतात हा चित्रपटाचा युक्तिवाद त्यामुळे सिद्ध होतो. कोडे मात्र प्रेक्षकाच्या हातून काढून घेतले जाते.

राजा परांजपे ह्यांच्या ‘पाठलाग’ची (१९६४) कथा जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरून घेतलेली. राज खोसला ह्यांनी तिच्यावरूनच ‘मेरा साया’ (१९६६) केला. पुढील तपशील ह्या हिंदी रूपातील आहेत. पत्नी वकिलाच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढे पकडलेली, तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री ‘मीच ती पत्नी’ असे न्यायालयात सांगते, आणि पतिपत्नींखेरीज कोणास ठाऊक नसावे ते बोलून दाखविते. म्हणजे ‘कानून’मध्ये जे उत्तर म्हणून येते, ते येथे प्रश्नातच मांडलेले आहे. एकच चेहरा असलेल्या दोन स्त्रिया आहेत हे प्रारंभीच कळते. मेली ती कोण, एवढेच ठरवावयाचे उरते.

त्यासाठीचा सर्वांत चतुर दुवा उलटतपासणीत आहे. मंगळसूत्राविषयीच्या प्रश्नाला त्या स्त्रीला समाधानकारक उत्तर देता येत नाही, आणि वकील पती तेथेच तिला खोटी ठरवितो. प्रेक्षकाने मात्र थांबून विचार करावा : शयनगृहातील गुपितेही पाठ करून आलेली तोतया, कोणीही प्रथम विचारील अशा ह्याच प्रश्नाचे उत्तर तयार केल्याविना येईल काय? तिचे निरुत्तर होणे हीच तिच्या खरेपणाची खूण ठरते. दुवा उघड्यावर आहे. त्याचा अर्थ पतीच्या तोंडून उलटा वदविला आहे, आणि वकिलाच्या अधिकारवाणीने आपण दिपून जातो.

न्यायाला मर्यादाही आहे. जुळ्या बहिणीचा पूर्वेतिहास आणि अदलाबदल कशी घडली हे अखेरच्या निवेदनातूनच कळते. नायिकेने बहिणीविषयी इतका काळ मौन पाळावे, ह्याला कथेने दिलेले कारण मला तोकडे वाटते; ते मौन पात्राच्या स्वभावापेक्षा लेखकाच्या सोयीचे आहे. म्हणून ‘कोण’ ह्याचे उत्तर प्रेक्षक आधी देऊ शकतो, ‘कसे’ ह्याचे नाही.