एलटीपी अडवलं, उंदीर चुकला: पण नक्की कशामुळे?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न घ्या: "एलटीपी म्हणजेच स्मृतीची यंत्रणा, हे कशावरून?" बहुतेक जण १९८६ सालच्या मॉरिस आणि सहकाऱ्यांच्या 'नेचर'मधल्या पेपरचं नाव घेतात आणि थांबतात. आज तोच पेपर जरा उलटसुलट करून पाहूया, कारण पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

आधी थोडी उजळणी. हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना थोडा वेळ जलद गतीने विजेचे झटके दिले, तर पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढतो आणि तास न् तास वाढलेलाच राहतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशांवर हे सविस्तर दाखवलं. हेच एलटीपी. हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याच सिनॅप्सवर ते सुरू व्हायला एनएमडीए रिसेप्टर लागतो. एपी५ हे औषध तो रिसेप्टर अडवतं, पण सिनॅप्समधून रोजचे संदेश बहुतांशी चालूच राहतात.

मॉरिस यांनी उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत पंपाने सतत एपी५ सोडलं आणि त्यांना गढूळ पाण्याच्या गोल हौदात पोहायला लावलं. पाण्याखाली दडलेला पाट खोलीतल्या खाणाखुणांवरून शोधायचा होता. औषध दिलेले उंदीर यात मागे पडले. दिसणाऱ्या खुणांमधला फरक ओळखायला मात्र ते शिकले. याच औषधाने एलटीपी अडतं, हेही दाखवलं गेलं. निष्कर्ष अगदी सरळ वाटतो, नाही का?

आता फटी बघा. पोकळीत सोडलेलं औषध फक्त हिप्पोकॅम्पसमध्ये थांबत नाही, मेंदूत इतरत्रही पसरतं. शिवाय पाट सापडायला उशीर झाला म्हणजे जागा लक्षात राहिली नाही, असंच काही नाही. उंदीर भिंतीला धरून पोहत राहिला असेल, पाटावरून तसाच पुढे गेला असेल, किंवा चढून परत घसरला असेल. एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांनी असे प्रकार खरंच होतात. घड्याळावर मात्र सगळ्यांची नोंद सारखीच: 'उशीर'.

१९९५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन पेपर आले. बॅनरमन आणि सहकाऱ्यांनी (यात मॉरिस स्वतः होते, हे विशेष) उंदरांना आधी औषधाशिवाय एका हौदात तयार केलं. मग एपी५ देऊन वेगळ्या खोलीतल्या दुसऱ्या हौदात सोडलं. हे उंदीर नवी जागा जवळजवळ इतरांइतकीच चांगली शिकले! अशाच तयार केलेल्या उंदरांचा हिप्पोकॅम्पस निकामी केला, तर मात्र दुसऱ्या हौदात ते अडखळले. म्हणजे या कामाला हिप्पोकॅम्पस हवाच, पण एनएमडीए रिसेप्टर अडवूनही काम बरंचसं निभावलं. सॉसिए आणि केन यांच्या पेपरात तर नुसता पोहण्याचा आणि पाटावर चढण्याचा सराव पुरला. बॅनरमन यांच्या प्रयोगात पडदे ओढून, पाटाची जागा बदलत दिलेला तसा सराव पुरला नव्हता. हा मतभेद झाकू नका, मुलाखतीत स्वतःहून सांगा.

मग एलटीपीचा संबंधच नाही का? एवढी उडी मारू नका. इथे स्टील आणि मॉरिस यांचा १९९९ चा प्रयोग कामी येतो. पाट रोज नव्या जागी. पहिल्या फेरीत तो शोधायचा, दुसऱ्या फेरीत आठवून थेट तिकडे जायचं. दोन फेऱ्यांमध्ये १५ सेकंदांचं अंतर असेल, तर एपी५ दिलेले उंदीर ठीक करत होते. अंतर २० मिनिटं किंवा २ तास झालं की ते चुकत होते.

या मांडणीची ताकद लक्षात घ्या. १५ सेकंदांनी जमतं, याचा अर्थ पोहणं, पाहणं, पाटावर चढणं शाबूत आहे. जातं ते फक्त एकदाच पाहिलेली जागा काही वेळ धरून ठेवणं. १९८६ च्या पेपरात नसलेलं नियंत्रण इथे कामाच्या रचनेतच बसवलंय. आणि काही उंदरांत औषध थेट हिप्पोकॅम्पसमध्ये सोडल्यावरही असाच दोष दिसला, त्यामुळे 'औषध सगळीकडे पसरलं' ही शंकाही बरीच कमी होते.

तरीही एक अंतर उरतंच. इथे अडवला तो रिसेप्टर. त्या जागेची आठवण नेमक्या कोणत्या सिनॅप्समध्ये साठली, हे कुणीच पाहिलेलं नाही. म्हणून तुमच्या प्रस्तावात "एलटीपी म्हणजे स्मृती" असं लिहू नका. "एकदाच घडलेला नवा अनुभव काही मिनिटांपलीकडे टिकायला हिप्पोकॅम्पसमधले एनएमडीए रिसेप्टर लागतात" असं लिहा. वाक्य लांबलं खरं, पण पुराव्याइतकंच बोलतं. आणि वर्तनाचा प्रयोग मांडताना फक्त वेळ मोजू नका, पोहण्याच्या वाटाही काढून बघा. उंदीर विसरला की नुसता भिंतीला धरून फिरला, ते तिथेच कळतं.