प्रस्तावातला ‘परिणाम’ हा शब्द आधी खोडा

समजा, तुमच्या प्रस्तावाचं शीर्षक आहे: ‘समाजमाध्यमांचा वारकरी संप्रदायावर होणारा परिणाम’. ऐकायला भारदस्त वाटतं, पण गाईड पहिलाच प्रश्न विचारतील, परिणाम कशाच्या तुलनेत? तुम्ही म्हणाल, 2019 ची वारी आणि 2022 ची वारी. पण मधल्या 2020 आणि 2021 मध्ये महासाथीमुळे पायी वारीच झाली नाही, पादुका बसने पंढरपूरला गेल्या. मग दिसलेला बदल मोबाइलचा की खंडाचा, हे सांगणार कसं?

म्हणून प्रश्न लहान करा. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदारांनी चोप उंचावला की सगळ्या दिंड्या शांत होतात. ज्या दिंडीची तक्रार असते, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. म्हणजे तक्रार सर्वांसमोर मांडायची रीत इथे आधीपासून आहे. आता दिंड्यांचे व्हॉट्सॲप ग्रुपही असतात. तर प्रश्न असा: दिंडीतली तक्रार आज पहिल्यांदा कुठे मांडली जाते आणि मिटते कुठे?

हा प्रश्न तपासता येतो. एकाच सोहळ्यातल्या दोन दिंड्या घ्या: एकीच्या ग्रुपवर सगळे लिहू शकतात, दुसरीच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन. दोघींबरोबर आळीपाळीने चाला. प्रत्येक तक्रारीसाठी वहीत चार रकाने ठेवा: विषय काय, आधी कुठे मांडली, उत्तर कोणी दिलं, कुठे मिटली. उदाहरणार्थ, पाण्याचा टँकर आला नाही. हे ग्रुपवर लिहिलं गेलं, पण टँकर दिंडीप्रमुखाच्या फोनवरून आला, तर ‘मिटली’च्या रकान्यात ग्रुप लिहू नका. इथेच बरेच जण घसरतात.

‘राम कृष्ण हरी’चे मेसेज मोजून ‘सहभाग वाढला’ असंही लिहू नका. तो नमस्कार आहे, हजेरी आहे, कधी नुसतं ‘वाचलं’ एवढाच अर्थ. कोणता, ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मर्यादा लिहिताना ‘वेळेचा अभाव’ नको. खऱ्या मर्यादा या: खासगी फोन आणि मेसेज तुम्हाला दिसणार नाहीत. स्मार्टफोन नसलेल्या माळकरी आजीची तक्रार ग्रुपवर येणारच नाही, ती तुम्हाला चालता चालता ऐकावी लागेल. तुम्ही ग्रुपमध्ये आहात म्हटल्यावर लोक जपून लिहितील. ॲडमिनची परवानगी म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे. आणि दोन दिंड्यांमधला फरक केवळ त्या सेटिंगमुळेच पडला, असंही म्हणता येणार नाही. कदाचित दिंडीप्रमुखाचा स्वभावच तसा असेल आणि सेटिंग त्यातूनच आलं असेल.

एवढं मान्य केलं, तर संप्रदायाबद्दल मोठं विधान करता येणार नाही. पण दोन दिंड्यांबद्दल जे लिहाल, ते व्हायव्हामध्ये टिकेल.