दोन चिठ्ठ्या शेजारी
निवृत्त कंपाउंडरची ही कथा मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा केवळ चिठ्ठ्यांसाठी. गावातले एक कुटुंब डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांचे गाठोडे त्याच्यापुढे ठेवते. बऱ्याच चिठ्ठ्यांवर साल नाही. तो औषधांवरून काळ ताडतो: नुसते स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड असेल तर आधीची, रिफाम्पिसिन दिसले की नंतरची. घराने ‘अशक्तपणा’ म्हणून झाकलेला थोरल्या काकूंचा क्षय असा उलगडतो. रोज एक ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, सलग तीन महिने. आणि पुढच्याच चिठ्ठीवर कानात घालायचे थेंब. या औषधाने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. तिथे थेंबांचा उपयोग नसतो. काकू नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्याने बहिऱ्या झाल्या, असे घर मानत आले. इंजेक्शने कंपाउंडरनेच दिली होती.

इथवर लेखक काहीच सांगत नाही; दोन चिठ्ठ्या शेजारी येतात, इतकेच. म्हणून शेवटी त्याने घरच्यांची मागितलेली माफी मला खटकली. त्याच इंजेक्शनांनी काकू जगल्या, हेही त्या चिठ्ठ्यांतच आहे, आणि माफीने ते पुसले जाते. चिठ्ठ्यांना दोरा बांधून तो उठला असता, तर पुरे होते.